नोटीस आणि टाळे यांच्यामधले दिवस

दुकानाचा किंवा कार्यालयाचा भाडेपट्टा सह्यांसाठी टेबलावर येतो, तेव्हा दोन्ही बाजूंची नजर तीन आकड्यांवर असते: महिन्याचे भाडे, डिपॉझिट आणि दरवर्षीची वाढ. मागच्या पानांवरचे एक कलम बहुतेकदा कोणी नीट वाचत नाही. भाडेकरूने शर्तीचा भंग केला तर मालक त्याला लेखी नोटीस देईल, नोटीस पोचल्यापासून अमुक दिवसांत भंग दूर झाला नाही तर मालकाला पट्टा संपवून जागेचा ताबा परत घेता येईल, असा त्याचा साधारण मजकूर असतो. व्यवहार सुरळीत चालला तर या कलमाची गरजच पडत नाही. भांडण झाले की मात्र सगळा निकाल याच चार ओळींवर फिरतो. मालकाने नोटीस कशी दिली, तिच्यात काय लिहिले, दिवस कधीपासून मोजले आणि त्या दिवसांत भाडेकरूने काय केले, एवढ्यावर धंदा त्या जागेत राहणार की जाणार हे ठरते.

एक कल्पित उदाहरण घेऊ. पुण्यात एका हमरस्त्यावर तळमजल्यावरचा गाळा आहे. तो एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीने उपाहारगृहासाठी नऊ वर्षांच्या नोंदणीकृत पट्ट्याने घेतला आहे. कंपनीचे भरणा झालेले भागभांडवल २ कोटी रुपये. भाडे महिना २ लाख रुपये, शिवाय जीएसटी, आणि ते दर महिन्याच्या ७ तारखेपर्यंत द्यायचे. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय बांधकामात बदल करायचा नाही, अशी शर्त आहे. भाडे थकले तर नोटिशीनंतर १५ दिवस आणि इतर भंगासाठी ३० दिवस मुदत आहे. मुदतीत भंग दूर न झाल्यास मालक पट्टा संपवून ताबा घेऊ शकेल, असेही स्पष्ट लिहिले आहे. एप्रिल आणि मे महिन्यांचे भाडे थकले. त्याच सुमारास कंपनीने स्वयंपाकघराचा धूर बाहेर काढण्यासाठी मागच्या भिंतीला मोठे भोक पाडले आणि सामान ठेवायला लोखंडी पोटमाळा उभारला. मालकाला विचारले नाही.

कंपनीच्या भागभांडवलाचा आकडा इथे मुद्दाम सांगितला. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा जुन्या-नव्या बहुतेक भाडेकरूंना संरक्षण देतो, पण कलम ३ प्रमाणे काही भाडेकरू त्याच्या बाहेर ठेवलेले आहेत. त्यांत बँका, सार्वजनिक उपक्रम आणि बहुराष्ट्रीय कंपन्या येतात. ज्यांचे भरणा झालेले भागभांडवल १ कोटी रुपये किंवा त्याहून जास्त आहे, अशा प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्याही येतात. आपली कंपनी त्यांत मोडते. म्हणून तिच्या बाबतीत भाडे नियंत्रण कायद्याचे दिवस नाहीत. तिचा आधार दोनच: पट्ट्यात जे लिहिले आहे ते, आणि १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. वाद सुरू झाल्यावर वकील सर्वांत आधी हाच प्रश्न विचारतो, आणि भागीदारीतून कंपनी केलेल्या किंवा भांडवल वाढवलेल्या व्यावसायिकांना याचे उत्तर ऐकून धक्का बसतो.

आता मालक काय करतो ते पाहू. समजा रागाच्या भरात त्याने पहिले पत्र असे पाठवले: 'तुम्ही भाडेपट्ट्यातील अनेक शर्तींचा भंग केला आहे. पंधरा दिवसांत जागा रिकामी करून ताबा द्यावा.' अशा पत्रावर पट्टा संपवण्याचा डोलारा उभा राहत नाही. मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम ११४-अ १९२९ च्या दुरुस्तीने आले. शर्तीच्या भंगामुळे पट्टा संपला म्हणून ताबा मागायचा असेल, तर मालकाने आधी लेखी नोटीस दिली पाहिजे, असे ते सांगते. नोटिशीत नेमका कोणता भंग झाला ते लिहिले पाहिजे, आणि तो भंग दुरुस्त होण्याजोगा असेल तर तो दुरुस्त करा अशी मागणी केली पाहिजे. त्यानंतर वाजवी वेळ जाऊनही भाडेकरूने काही केले नाही, तरच ताब्याचा दावा चालतो. वरच्या पत्रात भंग कोणता ते नाही आणि दुरुस्तीची मागणीही नाही. थेट 'जागा सोडा' असे आहे. भाडेकरूला काय करून सुटता येईल हे ज्या पत्रातून कळत नाही, त्याला भंगाची नोटीस म्हणता येत नाही.

नीट लिहिलेली नोटीस वेगळी दिसते. पट्ट्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक, मग कोणत्या कलमाचा भंग ते. मागच्या भिंतीत जमिनीपासून साधारण किती उंचीवर किती मोठे भोक आहे, पोटमाळा गाळ्याच्या कोणत्या बाजूला आहे, फोटो कोणत्या तारखेचे आहेत. भिंत पूर्ववत करून द्या, पोटमाळा काढा आणि खालच्या फरशीची व भिंतींची दुरुस्ती करा, अशी मागणी. थकबाकीचा हिशेब वेगळा. त्यासाठी १५ दिवस आणि बांधकामासाठी ३० दिवस, म्हणजे दोन भंगांच्या दोन मुदती स्पष्ट. शेवटी, मुदतीत हे झाले नाही तर पट्ट्यातील अमुक कलमाप्रमाणे पट्टा संपवण्याचा हक्क आपण वापरू, असे एक वाक्य.

थकबाकीच्या आकड्यात हमखास घोटाळा होतो. इमारतीच्या भाड्यावर कंपनी भाडेकरूला १० टक्के टीडीएस कापावा लागतो, आणि मालक जीएसटीखाली नोंदलेला असेल तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. म्हणजे २ लाखांच्या भाड्यासाठी मालकाच्या खात्यात येणारी रक्कम २ लाख नसते. २० हजार टीडीएस वजा, ३६ हजार जीएसटी अधिक, म्हणून २,१६,००० रुपये येतात. दोन महिन्यांचे ४,३२,०००. मालकाने बँकेचे पुस्तक पाहून टीडीएसचे पैसेही 'कमी आले' म्हणून थकबाकीत धरले, तर भाडेकरूच्या हाती आयता मुद्दा येतो. एखाद्या किरकोळ चुकीने नोटीस आपोआप निकामी होत नाही. पण मागणीच चुकीची असेल तर भाडेकरूने मुदतीत नेमके किती द्यायला हवे होते यावरच वाद सुरू होतो. मूळ भाडे, जीएसटी, पट्ट्याप्रमाणे व्याज आणि मिळालेले पैसे हे चार आकडे वेगळे मांडलेल्या हिशेबावर असा वाद फारसा उभा राहत नाही.

नोटीस पोचणे हा स्वतंत्र विषय आहे. पट्ट्यात नोटिशीसाठी पत्ता आणि पद्धत दिलेली असते, आणि ती तंतोतंत पाळावी लागते. पट्ट्यात 'कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात' असे लिहिले असेल, तर गाळ्यातल्या व्यवस्थापकाच्या हातात कागद देऊन किंवा मोबाईलवर संदेश टाकून भागत नाही. हे सगळे करावे, पण मूळ पद्धतीच्या जोडीने करावे. योग्य पत्त्यावर, टपालखर्च भरून, नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र नेहमीच्या वेळेत पोचले असे १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड कायद्याचे कलम २७ गृहीत धरते. तसे नाही हे दाखवण्याचा भार मग पत्र न मिळाल्याचे म्हणणाऱ्यावर पडतो. पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा मारून ते परत आले, तर न्यायालये सर्वसाधारणपणे नोटीस पोचली असेच धरतात. नोटीस घेतलीच नाही म्हणजे दिवस सुरू झाले नाहीत, ही भाडेकरूंमधली समजूत अनेकांना महागात पडते. नकार दिला त्या दिवसापासून मुदत धावू लागते, आणि आत काय लिहिले आहे ते मात्र त्याला माहीत नसते.

आपल्या उदाहरणात नोटीस ३ जूनला पोचली. मिळाला तो दिवस सोडून मोजायचे. म्हणजे भाड्याची १५ दिवसांची मुदत १८ जूनला संपते आणि बांधकामाची ३० दिवसांची ३ जुलैला. त्या शेवटच्या दिवसाच्या आत मालकाने पट्टा संपवल्याचे पत्र पाठवले, तर त्याने स्वतःच दिलेली मुदत मोडली असे होते आणि सगळे पुन्हा पहिल्यापासून करावे लागण्याची वेळ येते. ४ जुलैपर्यंत थांबण्यात मालकाचे काही जात नाही.

भाडेकरूची बाजू आता बघू, कारण हे दिवस त्याचे आहेत. कंपनी १६ जूनला पैसे भरते. एप्रिलचे भाडे ७ एप्रिलला देय होते, म्हणजे ७० दिवस उशीर. मेचे ४० दिवस. पट्ट्यात थकबाकीवर वर्षाला १२ टक्के सरळ व्याज असेल तर दोन्ही मिळून साधारण ७,२३३ रुपये होतात. ते भरले नाही तर भंग पुरता दूर झाला नाही असे मालक म्हणू शकतो, आणि एवढ्या रकमेसाठी गाळा धोक्यात घालण्यात अर्थ नाही. पण पैसे पाठवताना ते कशापोटी आहेत हे लिहिणे तितकेच महत्त्वाचे आहे. १८७२ च्या करार कायद्याची कलमे ५९ आणि ६० या बाबतीत स्पष्ट आहेत. देणेकऱ्याने कोणत्या देण्यापोटी पैसे दिले ते सांगितले असेल, तर घेणाऱ्याने ते त्याच देण्यात जमा धरायचे. सांगितले नसेल आणि परिस्थितीवरूनही कळत नसेल, तर घेणारा आपल्या मर्जीने दुसऱ्या एखाद्या कायदेशीर देण्यात ते जमा धरू शकतो. म्हणजे मागचे देखभाल शुल्क किंवा वीजबिल बाकी असेल, तर मालक हे पैसे तिकडे वळवून 'एप्रिलचे भाडे अजून थकलेलेच आहे' असे म्हणायला मोकळा. त्याच दिवशी पाठवलेला 'एप्रिल व मे यांचे भाडे, जीएसटी व व्याज' असा दोन ओळींचा ईमेल हा धोका टाळतो.

मधल्या काळात ७ जूनला जूनचे भाडेही देय झालेले असते. ते या नोटिशीत नाही, आणि असूही शकत नव्हते. म्हणून ते थकले तरी मालकाला या नोटिशीच्या जोरावर पट्टा संपवता येत नाही, त्यासाठी नवी नोटीस लागते. पण जुना भंग दूर करता करता नवा उभा करणाऱ्या भाडेकरूकडे न्यायालय कसे पाहील, याचा अंदाज कोणालाही बांधता येईल.

बांधकामाचा भाग अवघड आहे. भिंतीचे भोक बुजवायला गवंडी आठवडाभरात मिळतो. पोटमाळा काढायचा तर वरचे सामान हलवावे लागते, काही दिवस उपाहारगृह बंद ठेवावे लागते, आणि लोखंडी तुळया भिंतीत बसवल्या असतील तर त्या काढल्यावर भिंतीची अवस्था तपासून घ्यावी लागते. समजा कंपनीने २० जूनला ठेकेदाराला काम दिले, पण ३ जुलैला अर्धेच झाले आहे. पट्ट्यात तीस दिवस आहेत. मग?

चांगल्या पट्ट्यात यासाठी एक जोडवाक्य असते: तीस दिवसांत पुरे होण्याजोगे नसलेले काम भाडेकरूने मुदतीत सुरू केले आणि सातत्याने चालू ठेवले, तर मुदत गरजेपुरती वाढेल. त्यावर कमाल मर्यादा असावी असा मालकाचा आग्रह योग्यच असतो. ते वाक्य नसेल तर प्रश्न कलम ११४-अ मधल्या वाजवी वेळेवर येतो. कायद्याने दिवस मोजून दिलेले नाहीत. काम किती मोठे, परवानगी लागते का, भाडेकरूने पहिले पाऊल कधी उचलले, हे पाहून न्यायालय ठरवते. दोन पक्षांनी विचार करून तीस दिवस ठरवले असतील तर त्याला वजन असतेच. म्हणून कंपनीने ३ जुलै उजाडण्याची वाट पाहू नये. २० जूनलाच ठेकेदाराचा कार्यादेश, कामाचा आठवड्यानुसार तक्ता आणि पहिल्या दिवसाचे फोटो जोडून अमुक तारखेपर्यंत मुदतवाढ लेखी मागावी. मालकाने उत्तर दिले नाही तरी ते पत्र पुढे उपयोगी पडते. मुदत संपल्यावर पाठवलेल्या याच पत्राला अर्धीही किंमत नसते.

काही भंग दुरुस्त होतच नाहीत, असे म्हणता येईल का? आपल्या कलम ११४-अ चे मूळ इंग्लंडच्या कायद्यात आहे, आणि तिथल्या न्यायालयांनी यावर बराच खल केला आहे. १९३५ च्या रग्बी स्कूल विरुद्ध टॅनाहिल या निकालात जागेचा वापर वेश्याव्यवसायासाठी झाला होता. तो थांबवला तरी जागेला लागलेला डाग पुसला जात नाही, म्हणून भंग दुरुस्त होण्याजोगा नाही असे न्यायालयाने धरले. याउलट १९८५ च्या एक्स्पर्ट क्लोदिंग विरुद्ध हिलगेट हाऊस या निकालात भाडेकरूने ठरलेल्या तारखेपर्यंत जागेचे बांधकाम केलेच नव्हते. तारीख उलटून गेली होती, ती परत येणार नव्हती. तरीही न्यायालय म्हणाले की उशिरा का होईना काम करून आणि मालकाचे नुकसान पैशाने भरून देऊन परिस्थिती सावरता येत असेल, तर तो भंग दुरुस्त होण्याजोगा आहे. मालकाची झालेली हानी काम आणि पैसा यांनी भरून निघते का, ही त्यातली कसोटी मला पटते. हे निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाहीत, पण विचाराची दिशा दाखवतात. आपला पोटमाळा आणि भिंतीचे भोक या कसोटीवर सहज दुरुस्त होण्याजोगे ठरतात. विम्याची पॉलिसी संपली असेल तर नवी घेऊन तेही सावरता येते, मधल्या दिवसांत आग लागली नसेल तर.

कलम ११४-अ ला दोन मोठे अपवाद आहेत. जागा दुसऱ्याला हस्तांतरित करणे, पोटभाडेकरू ठेवणे किंवा ताबा दुसऱ्याच्या हाती देणे याविरुद्धच्या शर्तीला ते लागू नाही, आणि भाडे थकल्याने पट्टा संपण्याच्या शर्तीलाही नाही. म्हणजे कंपनीने उपाहारगृहाचा अर्धा भाग परस्पर दुसऱ्याला चालवायला दिला, तर कायदा तिला सुधारण्याची संधी देत नाही. ती संधी पट्ट्यात लिहिली असेल तरच आहे.

थकलेल्या भाड्यासाठी मात्र कायद्याने दुसरे दार ठेवले आहे. कलम ११४ प्रमाणे, भाडे थकल्यामुळे पट्टा संपला म्हणून मालकाने दावा लावला, आणि सुनावणीच्या वेळी भाडेकरूने सगळी थकबाकी, व्याज आणि दाव्याचा पूर्ण खर्च भरला, किंवा पंधरा दिवसांत भरण्यासाठी पुरेसे तारण दिले, तर न्यायालय त्याला ताब्यात राहू देऊ शकते. देऊ शकते, द्यावेच लागते असे नाही. मुंबई उच्च न्यायालयातून वर गेलेल्या नामदेव लोकमन लोधी विरुद्ध नर्मदाबाई या १९५३ च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ही सवलत नाकारली, कारण भाडेकरूचे आधीचे वागणेच वारंवार भाडे थकवण्याचे होते. पट्ट्यातली मुदत हातची सोडून या दारावर विसंबणे म्हणजे स्वतःचा धंदा दुसऱ्याच्या विवेकबुद्धीवर सोपवणे आहे.

आता ३ जुलै उलटला आणि काहीच झाले नाही असे धरू. तरी पट्टा आपोआप संपत नाही. कलम १११(जी) प्रमाणे दोन गोष्टी लागतात. पहिली, भंग झाल्यास मालक ताबा परत घेऊ शकेल अशी स्पष्ट शर्त पट्ट्यात असली पाहिजे. ती नसेल तर मालक नुकसानभरपाई मागू शकतो, मनाईहुकूम मागू शकतो, पण नऊ वर्षांचा पट्टा मधेच तोडू शकत नाही. दुसरी, पट्टा संपवत असल्याचे लेखी कळवले पाहिजे. भंग दूर करण्याची नोटीस आणि पट्टा संपवल्याची नोटीस एकाच पत्रात बसवणारे मालक असतात. मला दोन स्वतंत्र पत्रे बरी वाटतात. पहिल्यात संधी दिली आणि दुसऱ्यात निर्णय कळवला, हे कागदावर निर्विवाद दिसते.

त्यानंतर मालकाच्या हातून होणारी सर्वांत मोठी चूक अगदी निरुपद्रवी दिसते. १० जुलैला पट्टा संपवल्याचे पत्र गेले. ७ ऑगस्टला भाडेकरूच्या बँकेतून नेहमीप्रमाणे पैसे आपोआप जमा झाले आणि मालकाच्या हिशेबनिसाने नेहमीप्रमाणे 'ऑगस्टचे भाडे' असे जीएसटी बिल काढले. कलम ११२ प्रमाणे, भंग माहीत असताना मालकाने पट्टा संपल्यानंतरच्या काळाचे भाडे स्वीकारले, किंवा पट्टा चालूच आहे असे दाखवणारी दुसरी कृती केली, तर त्याने तो भंग माफ केला असे धरता येते. म्हणजे दोन महिन्यांची मेहनत एका बिलाने पुसली जाऊ शकते. ताब्याचा दावा लावल्यानंतर घेतलेल्या भाड्याला हा नियम लागत नाही. म्हणून दावा लागेपर्यंतचे आठवडे नाजूक असतात. आलेली रक्कम परत करावी, नाहीतर जागा वापरल्याची भरपाई म्हणून ती घेत असल्याचे तत्काळ लेखी कळवावे, आणि बिलावरचा मजकूरही तसाच असावा. 'आमचे सर्व हक्क अबाधित राखून' एवढ्या ठराविक शब्दांवर विसंबून बाकीचा व्यवहार पूर्वीसारखा चालवणे धोक्याचे आहे.

याच गाळ्याशेजारी एक जुने मिठाईचे दुकान आहे असे समजा. दुकानदार एकट्याच्या नावावर, भाडे महिना १८ हजार, त्याला भाडे नियंत्रण कायदा लागू. त्याचे सहा महिन्यांचे, म्हणजे १,०८,००० रुपये भाडे थकले. त्याच्या पट्ट्यात सात दिवसांची मुदत लिहिली असली तरी फरक पडत नाही. कलम १५ प्रमाणे थकबाकीच्या मागणीची लेखी नोटीस पोचल्यापासून ९० दिवस उलटल्याशिवाय मालकाला त्या कारणावर ताब्याचा दावाच लावता येत नाही. दावा लागल्यावरही, समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांच्या आत त्याने तोवर देय झालेली सगळी रक्कम थकबाकीवरच्या १५ टक्के सरळ व्याजासह न्यायालयात भरली, पुढे निकाल लागेपर्यंत भाडे नियमित भरत राहिला आणि न्यायालय सांगेल तो दाव्याचा खर्च दिला, तर थकबाकीच्या कारणावरून त्याच्याविरुद्ध हुकूमनामा होत नाही. एकाच भिंतीच्या दोन बाजूंना इतका फरक आहे. पण या दुकानदाराने जे नीट समजून घ्यायला हवे ते असे, की हे दोन्ही नव्वद दिवस फक्त भाड्याच्या थकबाकीसाठी आहेत. मालकाच्या लेखी संमतीशिवाय पक्के बांधकाम करणे किंवा बेकायदा पोटभाडेकरू ठेवणे ही कलम १६ मधली वेगळी कारणे आहेत, आणि तिथे कलम १५ ची मुदत त्याच्या मदतीला येत नाही.

तिसरा प्रकार महाराष्ट्रातल्या शहरांत खूप आढळतो: लीव्ह अँड लायसन्स. त्यात जागा भाड्याने दिलेली नसते, वापरण्याची केवळ परवानगी दिलेली असते. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातली वरची कलमे भाडेपट्ट्यासाठी आहेत, अशा परवान्यासाठी नाहीत. त्यामुळे परवानाधारकाला सुधारण्याची मुदत मिळते ती करारात लिहिली असेल तेवढीच. छापील नमुन्यात ती पुष्कळदा केवळ भाडे थकण्यापुरती असते, आणि इतर कोणत्याही भंगासाठी मालक तत्काळ परवाना रद्द करू शकेल असे लिहिलेले असते. दुकानाच्या सजावटीवर आणि यंत्रांवर लाखो रुपये घालणाऱ्याने सही करण्याआधी हे एक कलम बदलून घ्यावे. इतर भंगांसाठीही लेखी नोटीस, निदान तीस दिवस, आणि सुरू केलेल्या कामासाठी वाढीव मुदत. मालक नवा भाडेकरू शोधत असतो तेव्हा हे सहसा मिळते. जागेत सामान लागल्यावर ते मागून मिळत नाही.

मुदत पाळून, दोन्ही नोटिसा बिनचूक देऊनही मालकाला स्वतः जाऊन टाळे लावता येत नाही. पट्टा संपला तरी ताबा कायद्याच्या मार्गानेच घ्यावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने लल्लू यशवंत सिंग विरुद्ध राव जगदीश सिंग या १९६८ च्या निकालात सांगितले आहे. भाडेकरू रात्री दुकान बंद करून गेला आणि सकाळी मालकाचे कुलूप दिसले, तर विशिष्ट अनुतोष कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली तो ताबा परत मागू शकतो. त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्न निघत नाही. भाडेकरू ताब्यात होता आणि त्याला त्याच्या संमतीशिवाय, कायद्याची वाट न धरता बाहेर काढले, एवढेच दाखवायचे असते. त्याला एकच अट आहे: हा दावा ताबा गेल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो.